धागा: बिलाच्या मागे छापलेल्या अटी, सही कुठेच नाही. 24 टक्के व्याज द्यावं लागतं का?

रीळकर
कोल्हापुरातल्या एका पुठ्ठा-बॉक्स कारखान्याचा प्रश्न आहे. क्राफ्ट पेपरची रिळं वापीच्या पुरवठादाराकडून येतात. ऑर्डर फोनवर, नाहीतर व्हॉट्सॲपवर जाते: "120 जीएसएम, 18 बीएफ, 10 टन, भाव अमुक". तिकडून "ओके, परवा गाडी भरतो" असं उत्तर येतं. करारनामा नाही, परचेस ऑर्डर नाही. बिल ट्रकवाल्याबरोबर येतं आणि गेटवर आवकचा शिक्का मारून एक प्रत परत जाते.

बिलाच्या मागच्या बाजूला फिकट करड्या शाईत नऊ अटी आहेत. चार कामाच्या. 30 दिवसांनंतर 24 टक्के व्याज, तक्रार 3 दिवसांत लेखी, वाद फक्त वापीच्या कोर्टात, आणि विक्रेत्याने नेमलेला लवाद. पुढच्या बाजूला तळाशी बारीक अक्षरात "अटी मागे पाहा".

शेवटचं बिल 4,80,000 रुपयांचं, करासह. रिळं मशीनवर चढवली तेव्हा कागद कमी बीएफचा, म्हणजे दाबाखाली लवकर फाटणारा निघाला, म्हणून पैसे अडवले. मुदत संपून 10 महिने झाले. आता वकिलाची नोटीस आली आहे: मुद्दल अधिक 24 टक्के व्याज, नाहीतर लवाद. खरेदीदाराने कधीच सही केलेली नाही. या अटी लागू होतात का?

घाटमाथा
सही नाही तर करार नाही, विषय संपला. कुणीही आपल्या कागदावर काहीही छापेल. मुद्दल द्या, व्याजाचा एक पैसा देऊ नका आणि नोटिशीला उत्तरही देऊ नका. उत्तर दिलं की अडकता.

सनदी
घाटमाथा, निष्कर्ष काही अंशी बरोबर निघू शकेल, पण कारण चुकीचं आहे आणि उत्तर न देण्याचा सल्ला तर धोक्याचा आहे.

माल विक्रीच्या कराराला सही लागत नाही. माल विक्री कायदा 1930, कलम 5 प्रमाणे करार तोंडी होतो, लेखी होतो, नुसत्या वागण्यातूनही होतो. सही नाही म्हणून करार नाही असं म्हटलं, तर मग मुद्दल तरी कुठल्या करारावर द्यायचं? सही असती तर विक्रेत्याचं काम सोपं झालं असतं, एवढंच. 1996 च्या भारती निटिंग विरुद्ध डीएचएल खटल्यात कुरिअरच्या कागदावर सही होती, म्हणून नुकसानभरपाईची छापील मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने बंधनकारक धरली. उलट लॉन्ड्रीच्या पावतीमागच्या अटी गिऱ्हाइकाने मान्य केल्याचं दिसत नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने त्या धरल्या नाहीत. तो निकाल एआयआर या निकालसंग्रहाच्या 1995 च्या खंडात आहे.

सही नसेल तेव्हा विचारायचा प्रश्न हा: सौदा ठरला त्या क्षणी ही अट खरेदीदारासमोर होती का? इथे सौदा "ओके, परवा गाडी भरतो" या मेसेजला ठरला. माल, भाव, वजन सगळं तिथे पक्कं झालं. बिल दोन दिवसांनी गाडीबरोबर आलं. ठरलेल्या सौद्यात एका बाजूने नंतर कलमं वाढवता येत नाहीत. बिल हा झालेल्या सौद्याचा हिशेब आहे, नवा प्रस्ताव नाही.

हे पहिल्या बिलाला चोख लागू पडतं. पण रीळकर, हा व्यवहार कितव्या बिलाचा आहे? दहा-बारा बिलं त्याच अटींसह आली, पाहिली, मुकाट्याने भरली, तर विक्रेता म्हणणार की अटी माहीत असूनच तुम्ही पुढची ऑर्डर दिलीत. वागण्यातून मान्यता झाली. त्यामुळे तीन गोष्टी आधी तपासा. एकूण बिलं किती, खरेदीदाराकडे नक्की कुठली प्रत पोचते, आणि पूर्वी उशीर झाला तेव्हा व्याज लावलं गेलं आणि भरलं गेलं का.

हिशेबनीस
एक मुद्दा सुटतोय. खरेदीदाराने या बिलाचं इनपुट टॅक्स क्रेडिट घेतलं असणार. ऑक्टोबर 2024 पासून जीएसटी पोर्टलवर बिल स्वीकारा, नाकारा किंवा प्रलंबित ठेवा अशी सोयही आहे. तिथे बिल स्वीकारलं म्हणजे अटींसकट स्वीकारलं. सरकारी पोर्टलवरची मान्यता सहीपेक्षा भक्कम.

सनदी
हिशेबनीस साहेब, एवढं लांब जात नाही ते. पोर्टलवर जातो तो बिल क्रमांक, तारीख, रक्कम आणि कर. मागची बाजू तिथे अपलोडच होत नाही. क्रेडिट घेतल्याने इतकं सिद्ध होतं की माल पोचला आणि बिल खात्यात घेतलं. "बिलच मिळालं नाही" हा बचाव त्यामुळे गेला. व्याजाचा दर किंवा लवाद मान्य केला, हे त्यातून निघत नाही.

आवकच्या शिक्क्याचंही तेच. गेटवरच्या माणसाने रिळं मोजून घेतल्याची ती पोच आहे. मात्र शिक्क्याच्या वर "वरील व मागील अटी मान्य" असं छापलेलं असेल तर खरेदीदाराची बाजू बरीच लंगडी होते. विक्रेत्याकडे परत गेलेल्या प्रतीचा फोटो मागवून नेमके शब्द वाचा.

अनुराधा म.
माझंही असंच झालं आहे. दुकानातून मिक्सर घेतला, चौथ्या दिवशी भांडं गळायला लागलं. बिलावर "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलंय आणि मीही सही केलेली नाही. म्हणजे दुकानदाराला घ्यावाच लागेल ना?

सनदी
ताई, तुमचा रस्ता वेगळा आहे आणि सोपाही. तुम्ही घरच्या वापरासाठी घेतलात, म्हणून ग्राहक संरक्षण कायदा 2019 लागू. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुकानदाराला आजच लेखी कळवा, 30 दिवस उलटू देऊ नका. रीळकरांचा कारखाना धंद्यासाठी कागद घेतो, त्यामुळे त्यांना हे दार सहसा बंद.

दमणगंगा
वापीतच पेपर लाइनमध्ये आहे, म्हणून विकणाऱ्याची बाजू मांडतो. गाडी भरायच्या आधी करारनामा करत बसलो तर भाव बदलून जातो. या धंद्यात 30 दिवसांचं क्रेडिट आणि उशिराला व्याज हे घेणाऱ्यालाही पक्कं माहीत असतं. दोन वर्षं त्याच छापील बिलावर माल घ्यायचा आणि नोटीस आली की "मागची बाजू पाहिलीच नाही" म्हणायचं, हे मला पटत नाही. दहा महिने पैसा अडकला की बँकेचं कॅश क्रेडिटचं व्याज आम्हीच भरतो.

सनदी
दमणगंगा, तुमची तक्रार रास्त आहे आणि कायदा तुम्हाला अगदी मोकळ्या हातानेही सोडत नाही. व्याजाची अट उडाली म्हणून व्याज शून्य होत नाही. माल विक्री कायद्याचं कलम 61 न्यायालयाला किमतीवर योग्य वाटेल त्या दराने व्याज द्यायची मुभा देतं. व्याज कायदा 1978 प्रमाणे, लेखी करारात देण्याची तारीख ठरलेली नसेल तर व्याजाची लेखी मागणी केल्यापासून व्याज मागता येतं. थोडक्यात, भांडण 24 की 0 असं नसून 24 की न्यायालय देईल तो दर, आणि कुठल्या तारखेपासून, असं आहे.

तुमच्यासारख्यांनी एक साधी गोष्ट करावी. "ओके" पाठवता त्याच मेसेजमध्ये दोन ओळी जोडा: "30 दिवस क्रेडिट, नंतर अमुक टक्के व्याज, वाद वापी कोर्ट. मान्य असल्यास कळवा." समोरून "ठीक" आलं की अट सौद्याच्या आत आली. मागच्या पानावरच्या नऊ कलमांपेक्षा त्या एका "ठीक"ची किंमत जास्त.

हिशेबनीस
आकडे मांडतो. 4,80,000 वर 24 टक्क्यांनी वर्षाचे 1,15,200, म्हणजे 10 महिन्यांचे 96,000. न्यायालयाने समजा 9 टक्के दिले तर 10 महिन्यांचे 36,000. मागणीच्या नोटिशीपासूनच धरले तर त्याहून बरेच कमी. वाद आहे तो साधारण 60 हजारांचा. वकिलाची फी आणि वापीच्या फेऱ्या यांचा विचार करूनच लढायचं की मिटवायचं ते ठरवा.

आणखी एक. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर छापील अटींचं महत्त्वच कमी होतं. एमएसएमई कायदा 2006, कलम 15 आणि 16: लेखी करार नसेल तर 15 दिवसांत पैसे, करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवस, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. बँक रेट 6 धरला तर 18 टक्के, आणि 10 महिन्यांचे सुमारे 77,000 होतात. तिथे सही, मागची बाजू, काहीच विचारलं जात नाही.

सनदी
हे अगदी बरोबर, आणि पहिल्या दिवशी तपासायचं ते हेच. फक्त पुरवठादार स्वतः कागद बनवणारी मिल आहे की मधला व्यापारी, ते पाहा. जुलै 2021 मध्ये घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती. उशिराच्या पैशांचं संरक्षण त्यांना त्यातून मिळत नाही. बिलावरचा उद्यम क्रमांक पोर्टलवर टाकला की उत्पादक, सेवा की व्यापार ते दिसतं. नोंदणीची तारीखही टिपून ठेवा. पुरवठ्यानंतर केलेली नोंदणी मागे लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या सिल्पी इंडस्ट्रीज निकालात म्हटलं आहे.

घाटमाथा
बरं, व्याजाचं कळलं. पण वापी कोर्टाची अट तरी उडाली की नाही? मग दावा कोल्हापुरातच चालणार.

सनदी
अट उडाली तरी दावा वापीतून हलेलच असं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 20 प्रमाणे दावा दोन प्रकारच्या ठिकाणी चालतो: प्रतिवादी राहतो किंवा धंदा करतो तिथे, आणि वादाचं कारण थोडंफार जिथे घडलं तिथे. माल वापीत भरला गेला, तिथून सुटला. तेवढ्यावर विक्रेता छापील अटीशिवायही वापीत दावा लावू पाहील.

त्या अटीचा खरा उपयोग उलट दिशेने होतो. खराब कागदाच्या नुकसानीसाठी तुम्ही कोल्हापुरात दावा लावलात, तर विक्रेता ती अट पुढे करून म्हणेल की इथे नाही, फक्त वापीत. ती अट मान्य झाली असेल तर दोन सक्षम न्यायालयांपैकी एक निवडणारी अट चालते. 1989 च्या एबीसी लॅमिनार्ट निकालापासून हे पक्कं आहे, आणि 2013 च्या स्वस्तिक गॅसेस निकालानंतर "फक्त" हा शब्द नसला तरी चालतो. म्हणून ती मान्यच झाली नव्हती, हे तुम्हाला दाखवावं लागेल.

इथे खामगावची जुनी केस कामाची आहे. अहमदाबादच्या व्यापाऱ्याने खामगावच्या केडिया जिनिंगला सरकीच्या पेंडीची ऑर्डर फोनवर दिली होती. करार कुठे झाला यावर सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये छापून आलेल्या निकालात सांगितलं की फोनवरचा होकार जिथे ऐकू येतो तिथे करार होतो. तुमच्याकडे ऑर्डर कोल्हापुरातून गेली आणि होकार कोल्हापुरात ऐकला. म्हणजे करार कोल्हापुरात झाला म्हणायला जागा आहे, आणि तुमचा दावा इथे लावायला तोच आधार.

चिंचवडकर
कागदाची तपासणी करतो, म्हणून तांत्रिक बाजू. 120 जीएसएम, 18 बीएफ म्हणजे बर्स्टिंग टेस्टरवर सरासरी 2.16 किलो प्रति चौ. सेंमी यायला हवं. 1.75 आलं तर बीएफ साडेचौदाच्या आसपास. पण नमुना दमट असेल तर आकडा घसरतो आणि विक्रेता लगेच म्हणतो की तुमच्या गोदामात ओल आहे. म्हणून न उघडलेल्या रिळाचे वरचे दोन-तीन थर काढून नमुने घ्या, त्याच वेळी ओलावा मोजून लिहा आणि रिळाच्या लेबलचा फोटो ठेवा. रीळ क्रमांक नसलेला चाचणी अहवाल निरुपयोगी.

आणि 3 दिवसांत हे कुणालाच शक्य नसतं. रीळ महिनाभर गोदामात उभं असतं. ती अट मुळातच गैरलागू धरली पाहिजे.

दमणगंगा
मग काय सहा महिन्यांनी तक्रार करायची? रीळ वापरून बॉक्स विकून झाल्यावर?

सनदी
दोघांचं अर्धं-अर्धं बरोबर आहे. कलम 41 प्रमाणे माल तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असं धरत नाहीत. कलम 42 प्रमाणे वाजवी मुदतीत नाकारल्याचं कळवलं नाही, किंवा माल आपला समजून वापरला, तर स्वीकारला असं धरतात. जी रिळं मशीनवर चढली ती आता परत करता येणार नाहीत. पण म्हणून हक्क संपला असंही नाही. कलम 59 प्रमाणे कमी दर्जाबद्दल किमतीत कपात मागता येते. कपात मान्य झाली तर मुद्दल घटतं आणि व्याजही घटलेल्या मुद्दलावर बसतं. तुमच्यासाठी 24 टक्क्यांच्या भांडणापेक्षा हा मुद्दा जास्त पैशांचा ठरू शकतो.

3 दिवसांची अट सौद्यात आली होती असं धरलं तरी, तिने हक्कच बुडतो का, यावर माझं मत "नाही"कडे झुकतं. करार कायद्याचं कलम 28, मुदत उलटली की हक्क संपवणाऱ्या अटी रद्द धरतं. पण तक्रार कळवायची मुदत आणि हक्क संपायची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असाही युक्तिवाद होतो आणि तो फेकून देण्यासारखा नाही.

चिंचवडकर
दिसणारा दोष, म्हणजे फाटलेलं रीळ, कमी वजन, यासाठी 3 दिवस मी मान्य करेन. आतल्या बीएफसाठी नाही. यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय.

रीळकर
फाइल काढली. एकूण 14 बिलं, दोन वर्षांतली. पहिली 5 कागदी, मागे छापील अटी. सहाव्यापासून पुढे ईमेलने पीडीएफ येते आणि त्यात एकच पान आहे, पुढची बाजू. तळाशी "अटी मागे पाहा" आहे, पण मागचं पान जोडलेलंच नाही. गाडीबरोबर येते ती प्रत प्लेन कागदावरची प्रिंट, मागे कोरी. परत गेलेल्या प्रतीवर नुसतं "माल मिळाला". करड्या अटी फक्त त्या पहिल्या पाच बिलांवर.

बीएफबद्दल तक्रार बिलानंतर 23 दिवसांनी व्हॉट्सॲपवर, चाचणीच्या फोटोसह. त्यांनी "बघतो" असं उत्तर दिलं होतं.

आणि एक गोष्ट गैरसोयीची आहे. नवव्या बिलाला 20 दिवस उशीर झाला तेव्हा व्याजाची 3,200 ची डेबिट नोट आली होती आणि ती भरली गेली.

सनदी
कोरी मागची बाजू तुमच्या फार उपयोगाची आहे. "मागे पाहा" म्हणून मागे काहीच नसेल, तर वाद असलेल्या बिलापुरती सूचनाच दिलेली नाही. विक्रेता पहिल्या पाच बिलांवर टेकेल. त्यातली किती भरताना कुणी अटींबद्दल बोललं होतं, तेही शोधा. "बघतो" हे उत्तरही जपून ठेवा, त्यांनी तेव्हा 3 दिवसांची अट काढली नव्हती.

डेबिट नोट मात्र अडचणीची आहे. नववं बिल कितीचं होतं?

रीळकर
2,43,000 चं.

हिशेबनीस
2,43,000 वर 24 टक्क्यांनी 20 दिवसांचे 3,196 होतात. ते 3,200 म्हणजे बरोबर 24 चाच हिशेब. दर माहीत होता आणि भरला, असं ते म्हणणारच.

सनदी
म्हणतील, आणि व्याजापुरतं त्यात वजन आहे. पण व्याजाचा दर वागण्यातून मान्य झाला म्हणून लवाद आणि वापीही मान्य झाले असं होत नाही. प्रत्येक अट वेगळी तपासायची. म्हणून व्याजावर तडजोडीची तयारी ठेवा आणि जोर कपातीवर द्या.

आता लवादाचं, कारण तिथे वेळ महत्त्वाची. लवाद कराराला लेखी रूप लागतं, दोघांची सही लागतेच असं नाही. कॅरॅव्हल शिपिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. बिलावरच्या लवाद कलमाबाबत दिल्ली उच्च न्यायालयाचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. 2017 च्या अल्युप्रो प्रकरणात एकतर्फी छापलेलं कलम मान्य धरलं नाही, 2021 च्या स्वस्तिक पाइप प्रकरणात बिलांवर व्यवहार केला म्हणून धरलं. त्यामुळे इथे कुणी छातीठोक सांगत असेल तर ऐकू नका.

पण एक धोका नक्की टाळता येतो. लवाद कायद्याच्या कलम 7 मध्ये असं आहे की एका बाजूने आपल्या दाव्यात लवाद करार आहे असं म्हटलं आणि दुसऱ्या बाजूने बचाव देताना ते नाकारलं नाही, तर तेवढ्याने करार झाला असं धरतात. म्हणून नोटिशीचं उत्तर द्यायचंच, आणि पहिल्याच परिच्छेदात लिहायचं की आमच्यात लवादाचा कोणताही करार नाही. लवादासमोर जावं लागलं तर बचावाच्या आधी किंवा बचावाबरोबरच हीच हरकत घ्यायची. विक्रेत्यानेच परस्पर एकमेव लवाद नेमला असेल तर त्यालाही लेखी हरकत. 2019 च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर हितसंबंध असलेल्या पक्षाने अशी एकतर्फी नेमणूक करणं टिकत नाही.

उत्तरात एवढं असू द्या: सौदा अमुक तारखेच्या मेसेजवर झाला, त्यात 24 टक्के, वापी किंवा लवाद नव्हता, वादाच्या बिलाची मागची बाजू कोरी होती, तक्रार 23 व्या दिवशी केली आणि तुम्ही "बघतो" म्हणालात, कपात इतकी, कपात वजा जाता राहणारी रक्कम हक्क राखून आज पाठवत आहोत. ती रक्कम खरोखर पाठवा. विनावादाची रक्कमही अडवून ठेवली की कपातीचा मुद्दा बहाण्यासारखा दिसतो आणि त्या रकमेवर व्याज चालूच राहतं.

घाटमाथा
उत्तर न देण्याचा माझा सल्ला मागे घेतो. पण पुढच्या ऑर्डरचं काय? त्याच पुरवठादाराकडून माल लागणारच.

दमणगंगा
मी विकणारा असूनही सांगतो, परचेस ऑर्डर पाठवा. एका पानाची पुरते. त्यात बीएफची खालची मर्यादा, तपासायला 30 दिवस, व्याजाचा दर आणि "बिलावरील इतर अटी लागू नाहीत" ही ओळ. आमच्याकडून गाडी त्यावरच सुटली तर आम्हाला नंतर बोलायला जागा राहत नाही. आणि 24 ऐवजी 12 लिहून पाठवलंत तर बरेचजण मान्य करतील.

रीळकर
उत्तराचा मसुदा वकिलांकडे दिला. 22 पैकी 9 रिळं अजून न उघडलेली आहेत, त्यांचे नमुने ओलाव्याच्या नोंदीसह परवा काढणार. चिंचवडकर, नमुने काढताना पुरवठादाराचा माणूस हजर नसेल तर अहवाल चालेल का?

चिंचवडकर
चालेल, पण आधी दोन दिवसांची लेखी सूचना द्या: अमुक वेळी नमुने काढत आहोत, माणूस पाठवा. आला नाही तर अहवालात तसं लिहा. आणि 9 पैकी निदान 3 रिळं तशीच बंद ठेवा, त्यांना फेरतपासणी मागायची असेल तर लागतील.